उणे एकभोवतीची प्रदक्षिणा

१९२०च्या दशकात अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर टेलिफोनचं बोलणं न्यायचं, तर वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लावावे लागत. तारेत क्षीण झालेला आवाज ते पुन्हा मोठा करत, पण प्रत्येक जण आवाजात स्वतःची थोडी विकृती मिसळत असे. एका ॲम्प्लिफायरची विकृती कानाला जाणवत नसे. एकापाठोपाठ एक अनेक लावले की शब्द कळेनासे होत. बेल लॅब्जमधले तरुण अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना यावरचा उपाय २ ऑगस्ट १९२७ रोजी सुचला. ते फेरीबोटीतून हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी तो मांडला. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा छोटा अंश मागे आणायचा आणि आत येणाऱ्या सिग्नलमधून वजा करायचा. ताकद बरीच खर्ची पडते, पण विकृती त्याच प्रमाणात घटते. हाच निगेटिव्ह फीडबॅक.

कल्पना देखणी होती, तिच्यातला धोकाही तितकाच खरा होता. सिग्नल ॲम्प्लिफायरमधून जाताना थोडा मागे रेंगाळतो आणि वारंवारता जितकी जास्त, तितकी ही पिछाडी लाटेच्या हिशोबात मोठी ठरते. एखाद्या वारंवारतेला लाट नेमकी अर्धी मागे पडली, की शिखराच्या जागी दरी येते. उलटी झालेली लाट वजा करणं म्हणजे ती मिळवणंच. वजाबाकीसाठी बांधलेला फीडबॅक त्या वारंवारतेला बेरीज करू लागतो आणि कोणी काही न बोलताही ॲम्प्लिफायर स्वतःहून सूर धरतो. सभागृहात माइक लाउडस्पीकरच्या फार जवळ गेला की जी कर्कश शिट्टी ऐकू येते, ती याच जातीची.

यावर त्या काळी एक नियम सांगितला जाई. ज्या वारंवारतेला सिग्नल फेरी मारून बेरजेच्या रूपात परततो, तिथे तो मूळच्यापेक्षा लहान होऊन आला पाहिजे. मोठा होऊन आला तर प्रत्येक फेरीत आणखी वाढेल आणि ॲम्प्लिफायर गाऊ लागेल. हे इतकं उघड वाटतं की शंकाच येत नाही. पण ब्लॅक यांच्या प्रयोगात काहीतरी निराळंच दिसत होतं. नियमाबाहेरचं आणखी काही इथे आहे, असा संशय येत होता. त्यांनी हा गुंता हॅरी नायक्विस्ट यांच्यापुढे ठेवला. नायक्विस्ट मूळचे स्वीडनचे. १८८९ साली जन्मले, १९०७मध्ये अमेरिकेत आले, येलमधून डॉक्टरेट घेऊन टेलिफोन कंपनीत दाखल झाले. जानेवारी १९३२मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये त्यांचा ‘रीजनरेशन थिअरी’ हा लेख आला. जुना नियम कुठे चुकतो आणि खरा नियम काय, हे दोन्ही त्यात होतं.

नायक्विस्ट यांची रीत समजून घ्यायला एक सोपा ॲम्प्लिफायर घेऊ. त्यात तीन सारखे टप्पे आहेत आणि प्रत्येकाला प्रतिसाद द्यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे त्याचा काळ-स्थिरांक एक मिलिसेकंद आहे. तिन्ही टप्प्यांचा मिळून गेन, म्हणजे अतिशय मंद सिग्नल जितक्या पटीने मोठा होतो तो आकडा, आपल्या हातात आहे. मागे आणलेला सिग्नल वजा करणारी तार अजून जोडायची नाही. लूप तिथेच तोडून ठेवायचा. तोडलेल्या एका टोकाला ठरावीक वारंवारतेची साधी ज्या-लाट द्यायची आणि दुसऱ्या टोकाला दोन गोष्टी मोजायच्या: लाट किती पट झाली आणि किती अंश मागे पडली. लूप तुटलेला असल्यामुळे सूर धरायची भीती नसते. ॲम्प्लिफायर उद्या जोडल्यावर बिघडणार असेल तरी आज तो शांतपणे मोजून घेतो.

प्रत्येक वारंवारतेचं हे मोजमाप आलेख-कागदावर एका टिंबाने दाखवतात. मध्यबिंदूपासून टिंबाचं अंतर म्हणजे लाट किती पट झाली ते. पिछाडी कोनाने दाखवायची: मागे न पडलेली लाट उजवीकडे आडव्या रेषेवर, ९० अंश मागे पडलेली सरळ खाली, १८० अंश मागे पडलेली डावीकडे. आपल्या ॲम्प्लिफायरचा गेन १६ ठेवला, तर अतिशय मंद लाटेचं टिंब उजवीकडे १६वर पडतं. सुमारे ९२ हर्ट्‌झला प्रत्येक टप्पा लाट ३० अंश मागे ढकलतो. तिन्ही मिळून ९० अंश होतात आणि टिंब खाली, साधारण १०.४ अंतरावर येतं. २७६ हर्ट्‌झला प्रत्येक टप्पा ६० अंश मागे ढकलतो आणि लाट निम्मी करतो. तीनदा निम्मं म्हणजे एक अष्टमांश. १६चा अष्टमांश २. पिछाडी नेमकी १८० अंश, म्हणून हे टिंब डावीकडे उणे दोनवर बसतं. पुढे वारंवारता वाढेल तशी रेषा वरच्या बाजूने वळसा घेत मध्यबिंदूत विरून जाते. ही टिंबं जोडली की नायक्विस्टचा आलेख तयार होतो.

या कागदावर एकच जागा निर्णायक आहे, उणे एक. तिथे टिंब पडणं याचा अर्थ लाट तितक्याच उंचीची, पण उलटी होऊन परतली. लूप जोडल्यावरची वजाबाकी तिला पुन्हा उलटं करते, म्हणजे ती हुबेहूब स्वतःसारखी होते आणि बाहेरून काहीही न मिळता फिरत राहू शकते. (नायक्विस्ट यांच्या मूळ लेखात हा बिंदू अधिक एकवर होता, कारण त्यांनी वजाबाकीची खूणही आलेखातच धरली होती. आता सगळीकडे उणे एकच वापरतात.)

आता उणे एकच्या जागी उभं राहून आलेखावर सरकणाऱ्या टिंबाकडे बोट धरायचं आणि टिंब पुढे जाईल तसं आपण वळत जायचं. गेन १६ असताना बोट आधी उजवीकडे असतं, मग खाली येतं, टिंब उणे दोनवर पोहोचलं की डावीकडे वळतं आणि वरून फिरून पुन्हा उजवीकडे येतं. एक पूर्ण फेरी झाली, तीही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. गणितात ऋण वारंवारतेचा अर्धा आलेखही मोजावा लागतो. तो याच रेषेचं आडव्या अक्षातलं प्रतिबिंब असतो, म्हणून आणखी एक प्रदक्षिणा मिळते. एकूण दोन. गेन १६वरून ४वर आणला तर सगळा आलेख चौपटीने आक्रसतो आणि डावा अक्ष उणे एकऐवजी उणे अर्ध्यावर ओलांडतो. बोट खाली जातं, थोडं झुलतं आणि आल्या वाटेने परत उजवीकडे येतं. प्रदक्षिणा शून्य.

नायक्विस्ट यांचा निकाल असा: तोडलेला लूप स्वतः स्थिर असेल, तर जोडल्यावर त्यात जितक्या प्रदक्षिणा तितक्या स्वतःहून वाढत जाणाऱ्या हालचाली असतील. गेन ४ असेल तर एकही नाही. गेन १६ असेल तर दोन, आणि या दोन मिळून एक वाढत जाणारं आंदोलन बनतं.

एका रेषेने किती वेढे घातले यावरून आतली गोष्ट कशी कळते, हा या विषयाचा गाभा आहे आणि मला तो फार आवडतो. सिग्नलचे सगळे प्रकार एका दुसऱ्या कागदावर मांडा. उभ्या दिशेला सिग्नल किती वेगाने झुलतो ते, आडव्या दिशेला तो किती वेगाने वाढतो वा विरतो ते. मधली उभी रेषा ना वाढणाऱ्या ना विरणाऱ्या लाटांची आहे. प्रयोगशाळेत आपण मोजतो त्या याच. रेषेच्या उजवीकडचा सगळा प्रदेश वाढत जाणाऱ्या सिग्नलांचा. आपल्याला भीती आहे ती तिथली. त्या प्रदेशात कुठे असा सिग्नल आहे का, की जो लूपमधून फिरून नेमका उणे एक पट होऊन परततो? असेल तर लूप जोडताच तो बारीकशा खरखरीतून जन्म घेईल आणि वाढत जाईल. पण वाढत जाणारा प्रत्येक सिग्नल देऊन बघणं कोणालाच शक्य नाही.

इथे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती कोशी यांचं गणित मदतीला येतं. प्रदेशात शिरायची गरज नाही. त्याच्या सीमेवरून चालत गेलं तरी पुरतं. मधल्या उभ्या रेषेवरून वर जायचं, उजवीकडचा प्रदेश उजव्या हाताला ठेवायचा आणि अतिदूरच्या अर्धवर्तुळावरून फिरून पुन्हा खाली येऊन फेरी पुरी करायची. अतिदूर म्हणजे अतिवेगवान सिग्नल. ते ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडतच नाहीत, म्हणून त्या भागाचं टिंब मध्यबिंदूवरच राहतं आणि हिशोबात काही भर घालत नाही. आता प्रदेशात लपलेला एखादा ‘उणे एक’वाला बिंदू घ्या. त्या बिंदूपासून सीमेवरच्या चालणाऱ्याकडे बाण काढला तर फेरी पुरी होईतो तो एक पूर्ण गिरकी घेतो. बिंदू प्रदेशाबाहेर असेल तर बाण थोडा इकडे, थोडा तिकडे वळून मूळ दिशेला येतो. आलेखावर उणे एकपासून टिंबाकडे जाणारं आपलं बोट म्हणजे अशाच बाणांचा गुणाकार असतो, आणि संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना कोनांची बेरीज होते. म्हणून बोटाच्या एकूण गिरक्या म्हणजे आत लपलेल्या बिंदूंची संख्या. ते नेमके कुठे आहेत हे कळत नाही, पण किती आहेत हे चुकत नाही.

आपला ॲम्प्लिफायर सोपा असल्यामुळे ते बिंदू हाताने शोधताही येतात. गेन १६ असताना वाढणारं आंदोलन सुमारे ३४७ हर्ट्‌झचं निघतं आणि दर झोक्याला ते साधारण २.१ पट होतं. वारंवारता २७६ नाही, हे लक्षात घ्यायला हवं. कारण सिग्नल वाढत असेल तर मागे रेंगाळणारा टप्पा त्याला गाठू शकत नाही आणि स्थिर लाटेपेक्षा जास्त लहान करून सोडतो. ३४७ हर्ट्‌झच्या या वाढत्या सिग्नलला प्रत्येक टप्पा ६० अंशच मागे ढकलतो, पण निम्मं न करता २.५२ने भागतो. २.५२चा घन १६. गेनही १६. हिशोब अगदी बरोबर जुळतो, म्हणून हाच सिग्नल टिकतो. प्रत्यक्षात तो वाढून ॲम्प्लिफायरच्या क्षमतेला भिडला की गेन आपोआप ८च्या आसपास घसरतो आणि सूर २७६ हर्ट्‌झजवळ स्थिरावतो.

इथवरच्या उदाहरणात जुना नियमही हेच उत्तर देतो. २७६ हर्ट्‌झला दुप्पट म्हणजे अस्थिर, निम्मं म्हणजे स्थिर. मग प्रदक्षिणा कशाला मोजायच्या?

आता टप्पे बदलू. तिन्ही टप्पे वीसपट मंद, वीस मिलिसेकंदांचे करू आणि त्यांच्या जोडीला पिछाडी भरून काढणारी दोन जाळी लावू, प्रत्येकी एक मिलिसेकंदाची. गेन ५,५०० ठेवू. मंद टप्प्यांमुळे १६ हर्ट्‌झच्या आसपासच पिछाडी १८० अंश होते आणि तिथे सिग्नल उलटा होऊन सुमारे ४७४ पट होतो. पिछाडी आणखी वाढते, मग ती दोन जाळी कामाला लागतात आणि ती पुन्हा घटत जाते. १३३ हर्ट्‌झला ती परत १८० अंशांवर येते, तेव्हा सिग्नल अजून जवळपास दुप्पट असतो. जुन्या नियमाप्रमाणे दोन्ही ठिकाणी बेरीज होते आणि दोन्ही ठिकाणी सिग्नल मोठा होऊन येतो. ॲम्प्लिफायर गायलाच हवा. तो गात नाही.

आलेखावर बोट धरलं की कारण दिसतं. टिंब उजवीकडून निघून खालून डावीकडे जातं, उणे ४७४वर अक्ष ओलांडून वर चढतं, मग उणे दोनजवळ तोच अक्ष उलट दिशेने ओलांडून खाली उतरतं आणि उणे एकच्या खालून मध्यबिंदूकडे जातं. बोट डावीकडे गेलं खरं, पण वरून फिरून न येता खालूनच परत आलं. वेढा पडलाच नाही. ‘फेरीगणिक दुप्पट’ हा जुना युक्तिवाद एका स्थिर लाटेला एकेका सुट्या फेरीत बघतो. लूपमध्ये फेऱ्या सुट्या नसतात, सिग्नल सतत वाहत असतो, आणि १३३ हर्ट्‌झची स्थिर लाट उणे दोन पट होऊन येत असेल तर ती स्वतःसारखी नाही, म्हणून तिथे टिकूच शकत नाही. टिकू शकेल असा सिग्नल विरणाऱ्यांच्या बाजूला आहे की वाढणाऱ्यांच्या, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो फक्त वेढा सोडवतो.

गेन कमी केला की आणखी आश्चर्य. ५,५००वरून तो सुमारे २,७५८च्या खाली आणला, की आलेख आक्रसून उणे एक त्या दोन ओलांडण्यांच्या मधल्या भागात सापडतो, दोन प्रदक्षिणा पडतात आणि शांत असलेला ॲम्प्लिफायर गाऊ लागतो. ११.६च्याही खाली नेला तर पुन्हा शांत. ताकद कमी करून अस्थिरता येते, हे नायक्विस्ट यांच्या लेखापूर्वी मान्य करणं कठीण होतं. १९३४मध्ये बेल लॅब्जमधल्याच पीटरसन, क्रीअर आणि वेअर यांनी याच सिद्धांताची प्रयोगाने पडताळणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि जुन्या नियमाने गायला हवा असा लूपही शांत राहू शकतो, हे प्रत्यक्ष दिसलं.

अशी सशर्त स्थिरता कागदावर निर्दोष असली तरी अभियंते तिच्यापासून शक्यतो लांब राहतात, आणि मला ते योग्य वाटतं. निर्वात नळ्यांचा ॲम्प्लिफायर चालू केला की नळ्या तापेपर्यंत गेन शून्यापासून हळूहळू वर चढतो आणि वाटेत तो धोक्याचा पट्टा ओलांडतो. तिथे सूर धरला गेला, की आंदोलन नळ्यांना त्यांच्या मर्यादेवर दाबून धरतं, गेन वर जाऊच देत नाही आणि ॲम्प्लिफायर तिथेच अडकतो. चालू असताना एखादा मोठा धक्का आला तरी हेच होतं. नायक्विस्टचा आलेख रेषीय प्रणालीचा आहे. सिग्नल मोठा होऊन उपकरण मर्यादेला भिडलं, की तो आलेख त्या क्षणी खरा राहत नाही.

म्हणून नुसता वेढा नाही हे पाहून कोणी थांबत नाही. आलेख उणे एकपासून किती लांबून जातो तेही बघतात. पहिल्या उदाहरणात गेन ४ असताना आलेख उणे अर्ध्यावर अक्ष ओलांडतो, म्हणजे गेन दुप्पट होईपर्यंत मोकळीक आहे. गेन ७.५ असता तरी वेढा शून्यच, पण लूप जोडल्यावर प्रत्येक धक्क्याला तो बराच वेळ झुलत राहिला असता. भाग जुने होतात, तापमान बदलतं, कुठेतरी अनपेक्षित विलंब शिरतो. विलंब आलेखाला फक्त फिरवतो, लहान करत नाही, म्हणून तो विशेष घातक.

आणखी एक गोष्ट नायक्विस्ट यांनी १९३२मध्ये बाजूला ठेवली होती: तोडलेला लूपच मुळात अस्थिर असेल तर काय? टेलिफोनला तो प्रश्न नव्हता, विमानांना आहे. आपलं तेजस लढाऊ विमान चपळाईसाठी मुद्दाम असं घडवलंय की संगणकाने सतत सावरलं नाही तर ते स्वतः स्थिर राहत नाही. अशा वेळी गणिताची पूर्ण ओळ वापरावी लागते:

Z = N + P

P म्हणजे तोडलेल्या लूपमधल्या वाढणाऱ्या हालचाली, N म्हणजे प्रदक्षिणा, Z म्हणजे जोडल्यावर उरणाऱ्या वाढणाऱ्या हालचाली. Z शून्य हवा असेल आणि P एक असेल, तर N उणे एक यायला हवा: घड्याळाच्या उलट्या दिशेने नेमका एक वेढा. इथे वेढा नसणं हीच अस्थिरतेची खूण ठरते. P चुकीचा धरला, तर आलेख कितीही काळजीपूर्वक काढला तरी उत्तर उलटं येतं. आणि अस्थिर भाग दुसऱ्या भागाने गणितात खोडून टाकला असेल, तर तो आलेखात दिसतच नाही, पण यंत्रात मात्र वाढत राहतो.

अस्थिर विमान लूप तोडून मोजता येत नाही हे उघड आहे, पण साधा पॉवर सप्लायही पुष्कळदा येत नाही. त्याचा मंद गेन इतका प्रचंड असतो की लूप तोडताच तो एका टोकाला जाऊन बसतो. त्यासाठी कॅलटेकचे प्राध्यापक मिडलब्रूक यांनी १९७५मध्ये मांडलेली रीत आजही कामाच्या टेबलावर वापरतात. लूप बंदच ठेवायचा, एका योग्य जागी लहानसा रेझिस्टर घालायचा आणि ट्रान्सफॉर्मरमधून त्याच्यावर अगदी बारीक लाट टोचायची. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांची व्होल्टेज मोजली, की लूप फिरून आलेल्या व्होल्टेजला पुढे निघालेल्या व्होल्टेजने भागायचं, आणि खूण वजा धरून त्या वारंवारतेचं टिंब मिळतं. जागा मात्र अशी निवडावी लागते की एका बाजूला फार कमी आणि दुसऱ्या बाजूला फार जास्त इम्पिडन्स असेल. नाहीतर टिंबं भलत्याच ठिकाणी पडतात. टोचलेली लाटही इतकी लहान हवी की तिची उंची निम्मी केली तरी टिंब जागचं हलू नये. हललं तर आपण रेषीय मर्यादेबाहेर मोजतोय, आणि त्या आलेखावरच्या प्रदक्षिणा मोजण्यात अर्थ नाही.